घडीवरची ओळ : औषधाच्या पत्रकाचा धूसर फोटो वाचताना

रुग्ण ७१ वर्षांचे गृहस्थ. पक्षाघातानंतर गोळ्या गिळता येत नाहीत म्हणून सगळी औषधं पातळ रूपात घेणारे. छातीत संसर्ग झाला तेव्हा डॉक्टरांनी अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलानिक अ‍ॅसिड यांचं एकत्रित अँटिबायोटिक दिलं, सस्पेन्शनच्या बाटलीत. ही बाटली कोरडी येते. आत पावडर असते आणि सुरू करायच्या वेळी खुणेपर्यंत पाणी घालून ती हलवायची असते. औषध आणलं त्यांच्या सुनेने. ती माझी मामेबहीण, आणि मी फार्मासिस्ट. पहिला डोस रात्रीच्या जेवणाबरोबर द्यायचा होता. दुपारी तिने मला माहितीपत्रकाचा एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, ही बाटली कुठे ठेवायची, साइड इफेक्ट काय आहेत आणि बाबांना चालेल ना, एवढं बघून सांग. मला तर एक अक्षर लागत नाहीये."

तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या कागदावर होती. फोटोत मात्र त्यांतलं एकही धड नव्हतं.

आधी फोटोबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून होतं. पत्रक साधारण ३० सेंटिमीटर लांब, पातळ कागद, दोन्ही बाजूंना तीन-तीन रकाने, सहा पॉइंटच्या आसपासचा टाइप. या टाइपात इंग्रजी लहान अक्षराची उंची जेमतेम एक मिलिमीटर भरते. मेसेजिंग अ‍ॅपने फोटो दाबून लांबीला १६०० पिक्सेलवर आणला होता. म्हणजे एका मिलिमीटरला पाच पिक्सेल, आणि एका अक्षराला उंचीत तेवढेच. पाच ठिपक्यांत ३, ६ आणि ८ यांच्यात फरक उरत नाही. दशांशचिन्ह तर पुसलंच जातं. असा फोटो कितीही मोठा करून पाहिला तरी आत नसलेली माहिती बाहेर येत नाही. माझ्या अनुभवात अक्षर निदान दहा-बारा पिक्सेल उंच असेल तर शब्द लागतात, आणि आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर वीसच्या पुढे हवं.

मी तिला फोन करून सांगितलं की तोच फोटो पुन्हा पाठवू नकोस, नवीन काढ. एका फोटोत एकच रकाना, वरचा आणि खालचा भाग वेगळा, आणि दोन फोटोंत चार-पाच ओळी सामाईक येऊ देत. मोबाइल कागदाच्या अगदी जवळ नेला की फोकस सुटतो. त्यामुळे वीतभर लांब धरून दुप्पट झूम करायचं. पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून जोडायचा, म्हणजे अ‍ॅप त्याला दाबत नाही. आणि कागदाखाली काळं किंवा गडद काहीतरी ठेवायचं. हे शेवटचं लोकांना विचित्र वाटतं, पण पातळ कागदावर मागच्या बाजूची छपाई पुढे उमटून दिसते आणि अक्षरांच्या मधल्या जागा भरून टाकते. खाली गडद कागद ठेवला की मागून परतणारा उजेड थांबतो आणि ती सावली बरीचशी नाहीशी होते.

नवे फोटो येईपर्यंत मी जुन्यावरून एक गोष्ट पाहून घेतली, ती म्हणजे कलमांचे क्रमांक. शब्द धूसर असले तरी ठळक मथळे बऱ्याचदा लागतात. या पत्रकाची रचना युरोपीय धाटणीची होती. त्यात औषध कोणाला देऊ नये हे ४.३ मध्ये असतं, खबरदारी ४.४ मध्ये, इतर औषधांबरोबर घेतल्यास होणारे परिणाम ४.५ मध्ये, दुष्परिणाम ४.८ मध्ये, औषध किती काळ टिकतं ते ६.३ मध्ये आणि कसं साठवायचं ते ६.४ मध्ये. अमेरिकी धाटणीच्या कागदावर हेच विषय ४, ५, ७, ६ आणि १६ या क्रमांकांवर सापडतात. रुग्णासाठी सोप्या भाषेत लिहिलेल्या सहा मथळ्यांच्या पत्रकात ते २, ४ आणि ५ मध्ये असतात. एकदा धाटणी ओळखली की अख्खं पत्रक वाचावं लागत नाही.

बहिणीचा फोटो एका तक्त्याच्या मध्यापासून सुरू होत होता आणि ६.६ नंतर पत्रक शेवटचं कधी सुधारलं त्या तारखेवर संपत होता. म्हणजे ही मागची बाजू होती. ४.३ या कागदाच्या दुसऱ्या बाजूला होतं आणि ते तिने पाठवलंच नव्हतं. तिच्या दृष्टीने तिने "सगळं" पाठवलं होतं, कारण या बाजूला साठवणीचा मथळा दिसत होता. औषध कोणाला चालत नाही याचा या फोटोत काही उल्लेख नाही, एवढं वाचून कोणी निश्चिंत झालं असतं तर नवल नव्हतं.

साठवण

मागच्या बाजूचे स्पष्ट फोटो आधी आले. ६.४ मध्ये सरळ लिहिलं होतं : २५ अंश सेल्सिअसच्या वर ठेवू नका, ओलाव्यापासून वाचवण्यासाठी मूळ पॅकमध्येच ठेवा. खोक्यावरही हेच छापलेलं होतं. बहीण म्हणाली, "मग झालं की. कपाटात ठेवते."

या औषधात नेमकं इथेच फसायला होतं. ६.४ मधली सूचना पावडरीसाठी आहे, पाणी घातलेल्या औषधासाठी नाही. त्याच कलमातली पुढची ओळ सांगत होती की तयार केलेल्या औषधासाठी ६.३ पाहा. म्हणजे साठवणीचा अर्धा भाग साठवणीच्या मथळ्याखाली नाहीच, तो टिकण्याच्या मुदतीच्या मथळ्याखाली आहे. ६.३ मध्ये लिहिलं होतं : तयार सस्पेन्शन २ ते ८ अंशांत ठेवा, गोठवू नका, ७ दिवसांत वापरा.

हा फरक छापखान्याने उगाच केलेला नाही. क्लॅव्हुलानिक अ‍ॅसिड पाण्यात गेलं की मोडायला लागतं, आणि जितकी ऊब जास्त तितकं भरभर. अ‍ॅमॉक्सिसिलिन त्या मानाने तग धरतं. त्यामुळे बाहेर राहिलेल्या बाटलीत एक औषध बऱ्यापैकी शिल्लक आणि दुसरं घटलेलं, अशी स्थिती होते. जंतू जे एन्झाइम सोडून अ‍ॅमॉक्सिसिलिनला निकामी करतात, त्या एन्झाइमला अडवण्याचं काम क्लॅव्हुलानिक अ‍ॅसिडचं आहे. ते घटलं की एकत्रित औषध देण्याचा हेतूच जातो. चव, वास आणि दाटपणा यांवरून हे कळत नाही. कधी रंग गडद होतो, कधी होतही नाही. म्हणून तयार बाटली दोन दिवस बाहेर राहिली तर ती चालेल का याचं उत्तर बाटलीकडे बघून देता येत नाही. ती टाकून नवी आणणं हाच मार्ग, आणि मधला डोस कसा द्यायचा ते डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारून ठरवायचं.

६.३ च्या पहिल्या फोटोत आणखी एक गंमत होती. गोठवू नका यातला नकार ओळीच्या टोकाला, सावलीत गेला होता. तिला फक्त गोठवण्याचा शब्द दिसला आणि तिने विचारलं, "दादा, फ्रीझरमध्ये ठेवायचंय का?" इंग्रजी पत्रकात नकार हा एका छोट्या शब्दावर उभा असतो आणि तो शब्द गेला की सूचना उलटी होते. साठवण आणि सेवन या दोन्ही ठिकाणी एखादं क्रियापद एकटंच वाचता येत असेल तर त्याच्या आधी काय आहे ते दिसल्याशिवाय ते मानायचं नाही.

दाजींनी मधल्या वेळात फोनमधल्या अक्षर-ओळखीच्या सोयीने ६.३ चा मजकूर उचलून मला पाठवला होता. त्यात तापमान असं आलं होतं :

```
20C-80C
```

अंशाचं छोटं वर्तुळ शून्य म्हणून वाचलं गेलं. ८० अंशांवर कोणी औषध ठेवत नाही हे कळतं, पण एखाद्या फोटोत वर्तुळं आणि मधली रेघ गळून 28C उरलं तर ते खरं वाटू शकतं. यावर एक सोपी पारख आहे. साठवणीच्या तापमानाचे आकडे मनाला येईल तसे छापले जात नाहीत. बहुतेक वेळा २५ च्या वर नको, ३० च्या वर नको, किंवा २ ते ८ यांच्यामध्ये, एवढेच प्रकार असतात. २८ असा एकटा आकडा दिसला तर तो वाचण्यातला घोटाळा असण्याची शक्यता मोठी.

मुदतीच्या आकड्याचंही तसंच. दाजींना इंटरनेटवर याच औषधाच्या एका अमेरिकी लेबलवर १० दिवस सापडले आणि फोटोतला ७ त्यांना १ सारखाही दिसत होता. त्यांचा कल १० कडे होता. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. अमेरिकेत या सस्पेन्शनला फ्रिजमध्ये १० दिवसांची मुदत छापतात, युरोपीय पत्रकांत ७ दिवसांची. पण आपल्या हातातली बाटली ज्या कंपनीची, ज्या ताकदीची, त्याच कागदावरचा आकडा धरायचा. ऑनलाइन मिळालेलं पत्रक धूसर शब्द ओळखायला मदत म्हणून जरूर वापरावं, मात्र आकडा त्यातून उचलू नये. त्यातही ते गोळीचं पत्रक असेल तर त्यात पाणी घालण्याचा विषयच नसतो आणि ७ दिवसांची ओळ शोधून सापडणार नाही. इथे निकाल बाटलीच्या लेबलने लावला. त्यावरही ७ दिवस छापलेलं होतं, जरा मोठ्या टाइपात. पाणी घालशील त्या दिवसाची तारीख बाटलीवर लिही, असं मी तिला सांगितलं, आणि अजून पाणी घातलेलं नाही याची खात्री करून घेतली. पुढे त्याचा उपयोग झाला.

दुष्परिणामांचा तक्ता

४.८ मध्ये दुष्परिणाम शरीरसंस्थांनुसार लावलेले असतात : रक्त, त्वचा, पचनसंस्था, यकृत वगैरे. डावीकडे दुष्परिणाम आणि उजवीकडे तो किती वेळा आढळतो ते. फोटो तिरका आला की उजवीकडचा शब्द शेजारच्या ओळीला जोडला जातो. तिच्या फोटोत असंच झालं होतं. जुलाबांच्या समोर "वारंवारता माहीत नाही" आणि अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या मोठ्या आतड्याच्या दाहासमोर "अतिशय सामान्य" असं तिने वाचलं आणि घाबरून मला फोन केला. खरं उलटं होतं. मोठ्या माणसांत जुलाब अतिशय सामान्य, आणि आतड्याच्या दाहाची वारंवारता माहीत नाही. फोटो मोबाइलमध्येच सरळ फिरवून, पडद्यावर कागदाची कड आडवी धरून एकेक ओळ वाचली की हा घोळ मिटतो.

या शब्दांना ठरलेली मापं आहेत. अतिशय सामान्य म्हणजे दहातल्या एकाला किंवा त्याहून जास्त जणांना. सामान्य म्हणजे शंभरातल्या एकापासून दहातल्या एकापर्यंत. त्यानंतर दर टप्प्याला दहापट खाली : असामान्य, दुर्मीळ, अति दुर्मीळ. ही मापं तक्त्याच्या आधी एकदाच छापलेली असतात, आणि तिथे चिन्हं असतात. अक्षर-ओळख चिन्हांना आकडा समजते आणि मग ≥1/100 चं 21/100 होतं. पण टप्पे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे एक कडी वाचता आली तरी बाकीच्या भरता येतात. शेजारच्या टप्प्याशी आकडा जुळत नसेल तर चिन्ह चुकलं आहे असं समजायचं.

या मोजपट्टीच्या बाहेर एक शेवटचा वर्ग असतो, वारंवारता माहीत नाही असा. लोक त्याला सर्वांत दुर्मीळ समजतात, कारण तो यादीत सगळ्यात खाली असतो. त्याचा अर्थ एवढाच की हातात असलेल्या माहितीवरून आकडा काढता येत नाही. औषध बाजारात आल्यावर आलेल्या तक्रारींतून कळलेले परिणाम बरेचदा इथे येतात, कारण औषध किती जणांनी घेतलं हा भागाकारातला खालचा आकडाच हाती नसतो. या औषधाच्या पत्रकात तर सर्वांत गंभीर गोष्टी इथेच आहेत : जीवघेणी अ‍ॅलर्जी, आतड्याचा दाह, त्वचा सोलून निघणारे विकार, यकृताचा दाह आणि पित्त तुंबून होणारी कावीळ. मी स्वतः कोणतंही पत्रक उघडलं की ४.८ मध्ये हा वर्ग आधी बघतो आणि मग वर जातो.

तक्त्यातल्या शब्दांच्या डोक्यावर बारीक आकडे असतात, ते तळटिपांचे. फोटोत ते धुळीसारखे दिसतात आणि लोक सोडून देतात. मळमळीवरच्या आकड्याची तळटीप सांगत होती की डोस मोठा असेल तर मळमळ जास्त होते आणि जेवणाच्या सुरुवातीला औषध घेतल्यास ती कमी होऊ शकते. घरच्यांना रोज उपयोगी पडेल असं हे वाक्य, आणि ते पत्रकातल्या सगळ्यात बारीक टाइपात.

मी तिला फोनवर एवढंच सांगितलं. पोट बिघडणं, मळमळ, तोंडात किंवा जांघेत बुरशीचा त्रास, हे होऊ शकतं आणि बहुधा सोसता येतं. शौचातून रक्त किंवा खूप पाण्यासारखे जुलाब झाले तर डॉक्टरांना फोन, आणि जुलाब थांबवण्याचं औषध स्वतःहून द्यायचं नाही. अंगावर गांधी, ओठ-चेहरा सुजणं किंवा श्वास लागणं असेल तर वाट न बघता दवाखाना. आणि डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, हे औषध चालू असताना किंवा संपल्यानंतर काही आठवड्यांनीही दिसू शकतं, तेव्हा लक्ष ठेव.

हे शेवटचं वाक्य तक्त्यात नाही. तक्त्यात कावीळ फक्त नावाने आहे. ती केव्हा दिसते हे ४.४ मध्ये, खबरदारीच्या लांबलचक परिच्छेदांत सांगितलेलं असतं : यकृताचा त्रास जास्त करून पुरुषांत आणि वयस्कांत आढळतो, लांबलेल्या उपचारांशी त्याचा संबंध असू शकतो, आणि काही वेळा लक्षणं औषध थांबल्यावर कित्येक आठवड्यांनी उघड होतात. दुष्परिणामांसाठी फक्त ४.८ वाचणाऱ्याला ही वेळ कळत नाही.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "बाबांना तीन वर्षांपूर्वी कावीळ झाली होती. कारण सापडलंच नव्हतं. तेव्हा काही दाढेचं औषध चाललं होतं बहुतेक, नाही, ते आधीच संपलं होतं."

घडीवरची ओळ

आता ४.३ हवं होतं आणि ते लगेच हवं होतं. पुढच्या बाजूचा फोटो आला. कलम छोटं होतं, फक्त तीन मुद्दे. पहिला स्वच्छ दिसत होता : या औषधाच्या घटकांची किंवा कोणत्याही पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी. दुसराही लागत होता : सेफॅलोस्पोरिनसारख्या इतर बीटा-लॅक्टॅम, म्हणजे पेनिसिलिनच्या नात्यातल्या, औषधाची पूर्वी कधी तीव्र, झटपट आलेली अ‍ॅलर्जी. बाबांना या दोन्हींपैकी काही नव्हतं. त्याखाली कागदाची आडवी घडी, घडीत राखाडी पट्टा, आणि त्यानंतर थेट ४.४ चा मथळा.

पट्ट्याच्या डाव्या कडेला मात्र मुद्द्याचा तिसरा ठिपका दिसत होता. यादीत ठिपका आहे आणि समोर मजकूर नाही, याचा अर्थ तिथे ओळ आहे आणि आपल्याला ती वाचता आलेली नाही. ओळींमधलं अंतर मोजूनही तेच कळत होतं. घडीच्या जागी दोन ओळींची जागा जात होती. या औषधाच्या पत्रकात त्या ठिकाणी काय असतं ते मला माहीत होतं, तरी पाठ असलेलं सांगण्यापेक्षा याच कागदावर काय छापलंय ते मला पाहायचं होतं, कारण ते पुढे डॉक्टरांना दाखवायचं होतं.

घडीवर शाई थोडी खरवडली जाते, पण बरेचदा अडचण शाईची नसते, सावलीची असते. उजेड घडीला आडवा पडला की घडीची एक बाजू अंधारात जाते. मी तिला सांगितलं की घडी उलट्या बाजूने हलकेच मोडून कागद सपाट कर, कडा दोन वह्यांखाली दाब, आणि खिडकीकडे असं तोंड कर की उजेड घडीच्या रेषेच्या दिशेने येईल, तिला ओलांडून नाही. फ्लॅश बंद. मग फक्त त्या दोन ओळींचा फोटो काढ.

फोटो आला. तिसरा मुद्दा असा होता : अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलानिक अ‍ॅसिड यांच्यामुळे पूर्वी कावीळ किंवा यकृताचा बिघाड झाल्याचा इतिहास.

वाक्यातला "यांच्यामुळे" महत्त्वाचा. कधीतरी कावीळ झाली होती एवढ्याने औषध ४.३ खाली निषिद्ध होत नाही. विषाणूमुळे किंवा पित्ताच्या खड्यामुळे झालेली कावीळ या ओळीत बसत नाही. यकृत आधीच कमजोर असेल तर त्याची गोष्ट ४.४ मध्ये आहे, आणि तिथली भाषा जपून वापरा अशी आहे, वापरू नका अशी नाही. या दोन कलमांतली रेष लोक पुसतात. ४.४ मधलं सगळं निषिद्ध समजून औषध बंद करणारे मी पाहिले आहेत, आणि ४.३ ला नुसता इशारा समजून पुढे जाणारेही. तेव्हा प्रश्न असा उरला : बाबांची ती कावीळ कशामुळे होती?

मी तिला जुनी फाइल काढायला लावली. त्यात डिस्चार्जचा कागद होता. सोनोग्राफीत खडे नव्हते, हिपॅटायटिसच्या विषाणूंच्या तपासण्या निगेटिव्ह होत्या, अंगाला खाज आणि गडद लघवी नोंदलेली होती आणि काही आठवड्यांत सगळं निवळलं होतं. औषधांच्या इतिहासात फक्त रोजची औषधं लिहिली होती. भरती झाले तेव्हा दाढेचा कोर्स संपून गेला होता, म्हणून तो कोणी सांगितला नाही आणि कोणी विचारलाही नाही. दाढेच्या डॉक्टरांची चिठ्ठी मात्र फाइलच्या मागच्या कप्प्यात होती, भरतीच्या सुमारे महिनाभर आधीची.

चिठ्ठीवर ब्रँडचं नाव वेगळं होतं. दाजी म्हणाले, "हे तर दुसरंच औषध आहे." ब्रँडच्या नावावरून हे ठरत नाही. मी त्यांना आताच्या पत्रकातलं कलम २ दाखवलं, जिथे औषधात प्रत्यक्ष काय आहे ते लिहिलेलं असतं. मग त्या जुन्या ब्रँडचे घटक पाहिले. दोन्हीकडे तीच जोडी होती. तेव्हा गोळी, आता सस्पेन्शन.

यावरून ती कावीळ याच औषधाने झाली असं मी ठरवू शकत नव्हतो, आणि ते माझं काम नव्हतं. पण संशय घ्यायला पुरेसं जुळत होतं : पुरुष, वय, कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी पित्त तुंबल्यासारखी लक्षणं, दुसरं कारण न सापडणं. संध्याकाळी बहिणीने डॉक्टरांना फोन केला. मी तिला तीनच कागद पाठवायला सांगितले होते : घडीवरच्या ओळीचा फोटो, डिस्चार्जचा कागद आणि दाढेची चिठ्ठी. सोबत एक वाक्य, की पहिला डोस अजून दिलेला नाही आणि पावडरीत पाणी घातलेलं नाही. डॉक्टरांनी कागद पाहून औषध बदललं. वेगळ्या गटातलं अँटिबायोटिक दिलं आणि यकृताच्या तपासण्या सांगितल्या. रात्रीचा डोस नव्या औषधाचा गेला.

एक गोष्ट राहिली होती. दुसऱ्या दिवशी दाजींनी फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं, "पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी". ते मी बदलायला लावलं. बाबांना अ‍ॅलर्जी झालेली नाही, आणि ४.३ मधली ती ओळ पेनिसिलिनच्या सगळ्या गटाबद्दल नाही, या एका जोडीबद्दल आहे. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी अशी नोंद एकदा फाइलवर चढली की पुढचा प्रत्येक डॉक्टर सगळी पेनिसिलिन टाळतो, गरज असली तरी. आता तिथे डॉक्टरांना विचारून असं लिहिलं आहे : अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलानिक अ‍ॅसिडच्या कोर्सनंतर कावीळ, संशयित. खाली वर्ष, जुना ब्रँड आणि कोर्स संपल्यापासून किती दिवसांनी डोळे पिवळे दिसले तो अंदाज. मागे पत्रकाचा तो तुकडा, घडी सपाट करून, सेलोटेपने चिकटवला आहे.